पॅनेल हिरवं, साइट बंद: आमची वाटचाल

सांगलीत आमचं वेबसाइटचं काम आहे. मी आणि तीन सहकारी. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक हळद-बेदाण्याचे व्यापारी, काही शाळा, एक-दोन लॅब. सुरुवातीची वर्षं आम्ही साइट बनवून द्यायचो, होस्टिंगचे पासवर्ड हातात द्यायचो आणि पुढच्या कामाला लागायचो. आज आमचं निम्म्याहून जास्त उत्पन्न साइट चालू ठेवण्याच्या वार्षिक करारांतून येतं. हा बदल झाला तो एका विशिष्ट बिघाडामुळे. ज्यांची साइट क्लाउडफ्लेअर या मधल्या सेवेच्या मागे आहे, त्यांना तो कधी ना कधी भेटतोच, म्हणून सविस्तर लिहितो.

क्लाउडफ्लेअरकडे आम्ही वळलो ते फुकट मिळणाऱ्या एसएसएलसाठी आणि वेगासाठी. नेमसर्व्हर त्यांचे लावले की पाहुणा आधी त्यांच्या सर्व्हरवर येतो आणि तिथून मागणी आपल्या होस्टिंगवर जाते. सगळं सुरळीत असतं तोवर मध्ये कुणी आहे हे जाणवतही नाही. बिघडलं की एक पान दिसतं. त्यावर ओळीने तीन चित्रं असतात: पाहुण्याचा ब्राउझर, मधलं क्लाउडफ्लेअर आणि शेवटी आपला होस्ट. पहिल्या दोघांवर हिरवी खूण, तिसऱ्यावर लाल फुली. गिऱ्हाईक ती फुली बघून होस्टिंगला फोन करतो. होस्टिंगवाला आपलं कंट्रोल पॅनेल उघडतो, तिथे सगळं हिरवं असतं. तो म्हणतो, "आमच्याकडून चालू आहे." दोघंही खरं बोलत असतात आणि साइट मात्र बंदच राहते.

अशा वेळी आधी पानावरचा आकडा वाचायचा. ५२१ म्हणजे सर्व्हरने जोडणी तिथल्या तिथे नाकारली. ५२२ म्हणजे क्लाउडफ्लेअरने दार वाजवलं, विसेक सेकंद वाट पाहिली आणि आतून होकार-नकार काहीच आला नाही. ५२५ आणि ५२६ ही सर्टिफिकेटची दुखणी, ती वेगळी. आमच्याकडे सगळ्यात जास्त तक्रारी ५२२ च्या येतात, आणि त्यात दोनच कारणं पुन्हा पुन्हा सापडतात.

पहिलं कारण साधं आहे. होस्टिंग कंपनी एखाद्या रात्री खातं नव्या मशीनवर हलवते आणि आयपी बदलतो. पॅनेल नवा आयपी दाखवतं, पॅनेलमधल्या डीएनएसच्या नोंदीही नव्या होतात. पण नेमसर्व्हर क्लाउडफ्लेअरचे असल्यामुळे पॅनेलमधल्या त्या नोंदी जगात कुणीच वाचत नाही. डोमेन कोणत्या आयपीवर न्यायचं ते सांगणारी खरी A नोंद क्लाउडफ्लेअरच्या खात्यात आहे आणि ती अजून जुन्या, बंद केलेल्या मशीनकडे बोट दाखवत असते. म्हणून पॅनेलमधला आयपी आणि क्लाउडफ्लेअरमधला आयपी शेजारी ठेवून आकडा न् आकडा जुळवायचा. जुळला नाही तर नोंद बदलायची, काम संपलं.

दुसऱ्या कारणाने आम्हाला खरं काम शिकवलं. दिवाळीच्या तोंडावर एका बेदाणा व्यापाऱ्याच्या ऑनलाइन ऑर्डरी संध्याकाळी अचानक थांबल्या. त्यांच्या फोनवर ५२२, मधल्या चित्राखाली Mumbai. दुबईला असलेले त्यांचे जावई म्हणाले, "मला तर व्यवस्थित उघडतंय, मामा." तासाभराने मुंबई-पुण्याकडूनही उघडू लागलं. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच. होस्टिंगच्या सपोर्टने पॅनेलचा स्क्रीनशॉट पाठवला: प्रोसेसर निवांत, डिस्क अर्धी रिकामी, सगळ्या सेवा चालू. तक्रार बंद.

आयपी जुळत होता. मग क्लाउडफ्लेअरला वळसा घालून थेट सर्व्हरला विचारलं:

```
curl -svo /dev/null --resolve example.com:443:203.0.113.10 https://example.com/
```

इथे डोमेन आणि आयपी अर्थातच आपापले घालायचे. या आज्ञेमुळे डीएनएस काहीही सांगो, मागणी दिलेल्या आयपीवरच जाते. आम्हाला लगेच `200` मिळालं, म्हणजे मशीन जिवंत होतं. सपोर्टचं म्हणणं इथवर बरोबर होतं.

बरेच जण इथेच थांबतात आणि दोष क्लाउडफ्लेअरवर टाकतात. पण या चाचणीने एवढंच कळतं की सर्व्हर सांगलीतल्या आमच्या ऑफिसच्या आयपीला उत्तर देतो. क्लाउडफ्लेअर येतो स्वतःच्या आयपीवरून. पॅनेल तर सर्व्हरच्या आतूनच बघतं, त्याला दार बाहेरून लागलंय की उघडं आहे हे कळायची सोयच नाही. एकाच साइटकडे बघणारे हे तीन डोळे तीन जागी आहेत आणि तिघांना तीन वेगळी उत्तरं मिळू शकतात.

म्हणून सीपॅनेलमधून साइटचा कच्चा ॲक्सेस लॉग उतरवला आणि तक्रारीच्या वेळेच्या आसपासच्या ओळी वाचल्या. जवळजवळ सगळ्या पाहुण्यांचे पत्ते `162.158.` आणि `172.70.` ने सुरू होणारे. हे पाहुण्यांचे पत्ते नव्हेतच, क्लाउडफ्लेअरचे आहेत. त्यांच्या आयपींची यादी `cloudflare.com/ips` वर जाहीर असते. पहिला `162.158.0.0/15` या पट्ट्यातला, दुसरा `172.64.0.0/13` मधला. लॉगमध्ये `162.158.` वाल्या काही पत्त्यांवरून `POST /wp-login.php` च्या ओळींची रांगच लागली होती. कुणीतरी वर्डप्रेसचा पासवर्ड ओळखायचा प्रयत्न करत होतं. मग त्या पत्त्यांवरून एकदम शांतता, `172.70.` वाल्या ओळी मात्र पुढे चालूच. ती शांतता सुरू झाली नेमकी त्याच मिनिटाला ज्या मिनिटाला व्यापाऱ्याचा पहिला फोन आला.

होस्टिंगच्या सर्व्हरवर सीएसएफ ही फायरवॉल होती. तिच्यासोबत `lfd` नावाचा प्रोग्राम चालतो. तो चुकीचे लॉगिन मोजतो आणि मर्यादा ओलांडली की त्या आयपीवर बंदी घालतो. त्याला दिसणारा आयपी क्लाउडफ्लेअरचा होता. निनावी शिव्यांची पत्रं येतात म्हणून पोस्टमनलाच फाटकाबाहेर अडवावं तसं झालं होतं: खोड एकाची, आणि त्या पत्त्यावरून येणाऱ्या सगळ्या गिऱ्हाइकांची पत्रं परत. फायरवॉल असे संदेश मुकाट टाकून देते, नकारही कळवत नाही, म्हणून ५२१ न येता ५२२. बंदी मुंबईच्या केंद्रातून येणाऱ्या पत्त्यांवर होती, म्हणून दुबईला साइट उघडत होती. आणि बंदी तात्पुरती असल्याने तासाभरात आपोआप उठत होती. सपोर्टचा माणूस बघेपर्यंत पुरावा गेलेला असायचा.

शेअर्ड होस्टिंगवर फायरवॉल आपल्याला बघता येत नाही, ती त्यांनाच बघावी लागते. त्यामुळे "साइट चालत नाही" एवढंच लिहून भागत नाही. आम्ही लॉगमधले नेमके पत्ते, शेवटच्या ओळींच्या वेळा आणि एरर पानावरचा Ray ID, म्हणजे क्लाउडफ्लेअरने त्या मागणीला दिलेला क्रमांक, एकत्र दिला आणि विनंती केली की पुढच्या वेळी एरर चालू असतानाच ही आज्ञा चालवा (पत्ता इथे नमुन्याचा आहे):

```
csf -g 162.158.1.1
```

त्या संध्याकाळी उत्तर आलं: `lfd` ची तात्पुरती बंदी, ३६०० सेकंदांची. गेल्या दोन दिवसांचा सगळा हिशोब त्या एका ओळीत बसत होता.

उपाय तीन ठिकाणी करावा लागला. पहिला, क्लाउडफ्लेअरचे पट्टे फायरवॉलच्या यादीत. सपोर्टने ते फक्त `csf.allow` मध्ये घातले होते. तेवढ्याने भागत नाही, कारण त्या फाइलमधले पत्ते `lfd` पुन्हा अडवू शकतो. ते `csf.ignore` मध्येही असावे लागतात. दुसरा, सर्व्हरवरच्या अपाची या वेब सर्व्हर प्रोग्रामला खरा पाहुणा ओळखायला शिकवणं. क्लाउडफ्लेअर प्रत्येक मागणीसोबत मूळ पाहुण्याचा आयपी `CF-Connecting-IP` या हेडरमध्ये पाठवतो. `mod_remoteip` चालू करून तो वाचायला सांगितला:

```
RemoteIPHeader CF-Connecting-IP
RemoteIPTrustedProxy 162.158.0.0/15
RemoteIPTrustedProxy 172.64.0.0/13
```

इथे नमुन्याला दोनच पट्टे दिलेत, प्रत्यक्षात जाहीर यादीतले सगळे घालावे लागतात. त्या यादीबाहेरच्या कुणावर हा हेडर आणला म्हणून विश्वास ठेवायचा नाही, नाहीतर कोणीही खोटा आयपी लिहून आत येईल. आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावी. अपाचीला खरा पाहुणा कळला तरी फायरवॉलच्या पातळीवर जोडणी क्लाउडफ्लेअरच्याच आयपीची दिसते. एका आयपीवरून एकाच वेळी किती जोडण्या चालतील याची मर्यादा सीएसएफमध्ये लावलेली असेल, तर गर्दीच्या दिवशी ती पुन्हा क्लाउडफ्लेअरवरच पडते. म्हणून पहिला उपाय टाळता येत नाही. तिसरा उपाय क्लाउडफ्लेअरच्या बाजूचा: `/wp-login.php` वर पडताळणीचा नियम लावला, म्हणजे पासवर्डचे हे प्रयत्न सर्व्हरपर्यंत पोचण्याआधीच अडतात.

एक सल्ला सर्रास दिला जातो: क्लाउडफ्लेअरच्या खात्यात डीएनएस नोंदीसमोरचा नारिंगी ढग करडा करा, म्हणजे क्लाउडफ्लेअर मधून बाजूला होईल. चाचणी म्हणून पाच मिनिटं ठीक आहे. पण तेवढ्यात सर्व्हरचा खरा आयपी उघड होतो. शिवाय सर्व्हरवर क्लाउडफ्लेअरचंच ओरिजिन सर्टिफिकेट असेल तर ब्राउझर ते मानत नाही आणि गिऱ्हाइकांना लाल इशारा दिसतो. सणाच्या तोंडावर हे कुणालाही परवडत नाही.

त्या दिवाळीनंतर व्यापाऱ्याने स्वतःहून विचारलं, "हे बघायचे वर्षाचे किती घ्याल?" आमचा पहिला देखभालीचा करार तो. पुढे त्यांच्याच ओळखीने बाजारातली बरीच गिऱ्हाइकं आली. आता साइट हाती घेतानाच आम्ही एक नोंदवही उघडतो: सर्व्हरचा आयपी, नेमसर्व्हर कुणाचे, क्लाउडफ्लेअरचं खातं कुणाच्या ईमेलवर, सर्टिफिकेट कोणतं, होस्टिंगकडे कोणती फायरवॉल. खातं जुन्या डेव्हलपरच्या ईमेलवर असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ते मालकाच्या नावावर करून घेतो. A नोंद बदलता येत नाही अशा मालकाला बिघाडाच्या दिवशी आम्हीही मदत करू शकत नाही. नवं होस्टिंग घेताना विक्रीच्या माणसाला आमचा पहिला प्रश्न असतो: क्लाउडफ्लेअरचे पट्टे तुमच्या फायरवॉलमध्ये सोडलेले आहेत का, आणि अडवलेला आयपी शोधून द्यायला तुमचा सपोर्ट किती वेळ घेतो? डिस्क किती जीबी, हे आम्ही त्यानंतर विचारतो.

ज्यांचा स्वतःचा व्हीपीएस आहे अशा काहींना आम्ही यंदा क्लाउडफ्लेअर टनेलवर नेलं. त्यात `cloudflared` हा प्रोग्राम सर्व्हरवरून बाहेर जोडणी करतो, त्यामुळे वेबसाठी बाहेरून आत येणारं दार उघडं ठेवायची गरजच उरत नाही. तो प्रोग्राम बंद पडला तर ५२२ च्या जागी १०३३ हा एरर दिसतो, आणि तेव्हा फायरवॉल न शोधता थेट `cloudflared` ची सेवा बघायची. साध्या शेअर्ड होस्टिंगवर हा प्रोग्राम सहसा चालवू देत नाहीत. आमची बहुतेक गिऱ्हाइकं अजून तिथेच आहेत, आणि त्यांच्यासाठी दर तिमाहीला क्लाउडफ्लेअरची जाहीर यादी आणि होस्टिंगची यादी आम्ही जुळवून घेतो.