हळदीचा कागद आणि पालकांसाठीचं पान

गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी सातवीला विज्ञान शिकवते. आमच्याकडे चौथीपर्यंत मुलं मराठीतून किंवा कोकणीतून शिकतात आणि पाचवीला एकदम इंग्रजीत येतात. माझ्या स्लाइड्सही इंग्रजीतच आहेत. यंदा ठरलं, की दर महिन्याला मुलं काय शिकली ते पालकांना मराठीत एका पानावर कळवायचं. मला वाटलं, स्लाइड्स तयारच आहेत, तासाभराचं काम.

ॲसिड-बेसच्या धड्याच्या एकतीस स्लाइड्स. मी मथळे घेतले, मराठी केले, पान छापून दिलं. आठवड्याने बाजारात एक आई भेटली. "टीचर, पान वाचलं. पण 'दर्शकांचा उपयोग' म्हणजे आमच्या चेडवाक नेमकं काय आलं?" दर्शक म्हणजे ॲसिड-बेस ओळखायला वापरतात तो पदार्थ, पण मला धड उत्तर देता येईना. स्लाइडवरचा मथळा मला बोलायची आठवण करून देण्यासाठी असतो. मधलं सगळं मी वर्गात तोंडी सांगते, ते स्लाइडवर नसतंच.

त्याहून लाजिरवाणी चूक वेगळीच होती. 'मुलांनी न्यूट्रलायझेशनचा प्रयोग केला' असंही मी लिहिलं होतं, कारण तशी स्लाइड होती. प्रत्यक्षात गणेशचवथीच्या सुटीत तो तास गेला होता. मुलांनी घरी सांगितलं, "आम्ही नाय केला."

पुढच्या खेपेला स्लाइड्सची पीडीएफ काढून एका कागदावर सहा अशा छापल्या. त्यातही एक गंमत झाली. क्लिक केल्यावर उत्तर वर येतं अशा स्लाइड्सवर छापताना प्रश्न आणि उत्तर एकमेकांवर चढले. त्या चार स्लाइड्स सुट्या करून पुन्हा छापाव्या लागल्या. मग प्रत्येकीपुढे पेन्सिलीने एकच शब्द लिहिला: 'केलं', 'सांगितलं' किंवा 'राहिलं'. 'केलं' फक्त अकरा निघाल्या. पान त्या अकरांवरच लिहायचं ठरवलं आणि लिहिण्याआधी पाच वह्या उघडल्या. दोन हुशार, दोन मधल्या, एक मागच्या बाकावरची.

वह्यांतच खरी गोष्ट सापडली. हळदीच्या कागदाचा प्रयोग सगळ्यांनी केला होता. लिंबाच्या रसात कागद पिवळाच राहिला, साबणाच्या पाण्यात तांबूस झाला. नोंदी बरोबर होत्या. पण पाचांपैकी तिघांनी निष्कर्ष लिहिला होता, 'पिवळा राहिला म्हणजे ॲसिड.' मी स्लाइड पाहिली तर तक्ता माझाच: दोनच ओळी, ॲसिडपुढे पिवळा, बेसपुढे लाल. साध्या पाण्याची ओळच नव्हती. मुलं चुकली नव्हती, तक्ता वाचून जे वाटेल तेच त्यांनी लिहिलं होतं. हळद बेस ओळखते. ॲसिड आणि पाणी यांत तिला फरक कळत नाही. त्यासाठी लिटमस लागतो, नाहीतर जास्वंदीचा अर्क, जो ॲसिडमध्ये गडद गुलाबी होतो आणि बेसमध्ये हिरवा.

मी तक्त्यात तिसरी ओळ घातली, वर्गात साखरेचं पाणी घेऊन प्रयोग पुन्हा केला, आणि मगच पान लिहिलं. 'दर्शकांचा उपयोग' हे शब्द गेले. त्याजागी हे आलं:

'मुलांनी हळदीच्या कागदावर चार पदार्थ तपासले. लिंबाचा रस आणि कोकमाच्या सोलांचं पाणी, दोन्हींत कागद पिवळाच राहिला. साखरेच्या पाण्यातही पिवळाच राहिला. साबणाच्या पाण्यात तांबूस झाला. घरी मुलाला विचारा: साखरेच्या पाण्यात कागद पिवळा राहिला, मग ते आंबट पदार्थांसारखं ॲसिड आहे का?'

खाली एक ओळ: 'न्यूट्रलायझेशनचा प्रयोग राहिला आहे, पुढच्या महिन्यात करू.' ही ओळ लिहिताना हात जरा अडखळला, पण पहिल्या पानानंतर ती लिहिणं भागच होतं. ॲसिड, बेस हे शब्द मी तसेच ठेवले. आम्ल, आम्लारी हे शब्द मला आवडतात, पण मूल घरी 'बेस'च म्हणणार आणि आईला तोच शब्द ओळखता आला पाहिजे.

वॉट्सॲपवर पीडीएफऐवजी पानाचा फोटो पाठवला. बरेच आजी-आजोबा फाइल उघडत नाहीत. मुलांचे फोटो मात्र घातले नाहीत, त्यासाठी आधी घरच्यांची परवानगी घ्यायला हवी.

सोमवारी मागच्या बाकावरची ती मुलगी कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. आजीने पानाच्या डब्यातला चुना हळदीत कालवून दिला होता, लालभडक. "आजी म्हणता, कुंकू असंच करत. मग चुना बेस ना, टीचर?"

मी ते फळ्याजवळ ठेवलं आणि तक्त्यात चुन्याची ओळ तिलाच भरायला सांगितली.