स्क्रीनशॉट कोणाच्या फोनमधला?

आमच्या दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीचं पहिलं पान रात्री साडेदहाला सुटतं. त्या दिवशी आठच्या सुमारास आमच्या तरुण वार्ताहराने तीन स्क्रीनशॉट पाठवले. शहरातल्या एका निवासी क्लासच्या वसतिगृहात काही मुलांना कावीळ झाली होती. पालक पाण्याच्या टाकीबद्दल विचारत होते आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर व्यवस्थापकाने उत्तर दिलं होतं: ‘टाकी साफ आहे. ज्यांना शंका आहे त्यांनी मुलं घेऊन जावीत, फी परत मिळणार नाही.’ बातमी या दोन वाक्यांत होती. ती चित्रासकट छापावी असं संपादकांचं मत पडलं आणि चित्र तयार करण्याचं काम माझ्याकडे आलं.

स्क्रीनशॉट देणाऱ्या बाईंची मुलगी अजून त्याच वसतिगृहात होती. वार्षिक परीक्षा दीड महिन्यावर. त्यांनी एकच अट घातली होती: ‘आमचं नाव कुठेही कळता कामा नये.’

वार्ताहराने नावं आणि नंबर आधीच झाकून पाठवले होते. काळे पट्टे व्यवस्थित दिसत होते. मी ते चित्र फोनच्याच फोटो एडिटरमध्ये उघडलं, एक्स्पोजर आणि ब्राइटनेस पूर्ण वर नेले. पट्टे राखाडी झाले आणि त्यांच्याखालचे दहाच्या दहा आकडे वाचता आले. त्याने आयफोनच्या मार्कअपमधला हायलायटर वापरला होता. तो मुळात अर्धपारदर्शक असतो. चार-पाच वेळा फिरवला की डोळ्यांना काळा वाटतो, पण खालच्या अक्षरांचा फरक चित्रात शिल्लक राहतोच. मी त्याला फोन करून तो प्रकार पाहायला लावला, तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, मग मोझेक करून पाठवतो.”

मोझेकही नको म्हटलं. चौकोनी ठिपक्यांनी अक्षरं पुसली जात नाहीत, त्यांची सरासरी काढली जाते. कोणता फॉन्ट आहे, किती मोठा आहे हे ठाऊक असेल तर एकेक अक्षर लिहून, त्याचा तसाच मोझेक करून, मूळ ठिपक्यांशी जुळतो का हे पाहता येतं. 2022 मध्ये बिशप फॉक्स या सुरक्षा कंपनीने नेमकं हेच करणारं Unredacter नावाचं साधन सगळ्यांसाठी खुलं केलं. फोन नंबरात तर एकेका जागी दहाच शक्यता. झाकायचं ते एकाच रंगाच्या, पूर्ण अपारदर्शक, भरीव चौकोनाने. मार्कअपमध्ये हायलायटरऐवजी आकारांमधला चौकोन घ्यायचा, आत रंग भरायचा आणि अपारदर्शकता शंभर टक्के ठेवायची. मग पुन्हा ब्राइटनेस वर नेऊन बघायचं.

इथवर आकडे झाकण्याचा प्रश्न होता आणि तो पाच मिनिटांत सुटला असता. खरी अडचण तिसऱ्या चित्रात होती.

अशा चित्राला दोन प्रकारचे वाचक असतात. एक बाहेरचे, ज्यांनी तो ग्रुप कधी पाहिलेला नाही. त्यांच्यासाठी नाव-नंबर झाकलं की बरंचसं भागतं. दुसरे आतले: व्यवस्थापक, क्लासचे मालक, बाकीचे पालक. कोण काय बोललं ते त्यांच्या फोनमध्ये शब्दशः आहेच, ते त्यांच्यापासून लपवता येत नाही आणि लपवण्याची गरजही नाही. त्यांना हवी असते एकच गोष्ट, हे चित्र कोणाच्या फोनमधून बाहेर गेलं. आपल्याला झाकायचं असतं ते हे, आणि नेमकं याचं उत्तर स्क्रीनशॉट अनेक जागी सांगत असतो.

हिरवे, उजवीकडचे बुडबुडे फोनच्या मालकाचे असतात हे सगळ्यांना माहीत आहे. वार्ताहराने बाईंचा हिरवा प्रश्न कापून टाकला होता. पण व्यवस्थापकाने त्यांच्याच प्रश्नाला रिप्लाय करून उत्तर दिलं होतं. त्या उत्तराच्या डोक्यावर मूळ प्रश्नाची छोटी चौकट होती आणि तिच्यात नावाच्या जागी You लिहिलेलं होतं. आपलाच मेसेज कोणी उद्धृत केला की व्हॉट्सअ‍ॅप आपल्या फोनवर असंच दाखवतं. ग्रुपमधल्या दुसऱ्या कोणीही तो स्क्रीनशॉट काढला असता तर तिथे बाईंचं नाव आलं असतं. तीन अक्षरी शब्द, फिकट चौकटीत, बारीक टायपात. आणि हा प्रश्न ग्रुपवर कोणी विचारला होता हे व्यवस्थापकाला पाठ होतं.

दुसरी खूण पट्ट्यांच्या लांबीत होती. ग्रुपमध्ये जो नंबर सेव्ह केलेला नाही, तिथे ~ हे चिन्ह, त्या माणसाने स्वतः ठेवलेलं नाव आणि पलीकडे पूर्ण नंबर दिसतो. सेव्ह केलेला असेल तर फोनच्या मालकाने दिलेलं नाव एवढंच दिसतं. त्यामुळे काही पट्टे लांब होते, दोनच आखूड. म्हणजे या फोनमध्ये कोणत्या दोन पालकांचे नंबर सेव्ह आहेत, हे नाव न वाचताही कळत होतं. मूळ चित्रात त्यांतलं एक नाव ‘धाकटी जाऊ’ असं होतं. दोन्ही जावांची मुलं त्याच वसतिगृहात होती. ते नाव नुसतं अर्धवट झाकलं गेलं असतं तरी आतल्या माणसाला पुढचं काही विचारावं लागलं नसतं. पट्टे मारायचेच असतील तर ते सगळे बुडबुड्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, सारख्या लांबीचे हवेत. नावांचे रंगही जायला हवेत, कारण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधल्या नावांना वेगवेगळे रंग देतं आणि पट्ट्याच्या कडेतून डोकावणारी रंगीत रेघ कोणता मेसेज कोणाचा हे जुळवून देते.

वरची पट्टी तर मी कधीच ठेवत नाही. तिथे घड्याळ असतं. या चित्रात घड्याळात 9:47 होते आणि शेवटचा मेसेज 9:46 चा होता, म्हणजे त्या मिनिटाला ग्रुप उघडून बसलेली व्यक्ती. व्यवस्थापक आपल्या मेसेजची माहिती उघडून तो कोणी किती वाजता वाचला हे पाहू शकतो. वाचल्याची निळी खूण ज्यांनी बंद केलेली आहे, त्यांचीही वाचल्याची वेळ ग्रुपमध्ये कळतेच. शेजारी सिम कंपनीचं नाव आणि एका बँकेच्या अ‍ॅपची सूचना. खाली मेसेज लिहायच्या जागेत बाईंनी अर्धवट टाइप केलेले दोन शब्द. बुडबुड्यांमागे लावलेला वॉलपेपरही त्यांच्या फोनचाच होता.

आता दुसरा स्क्रीनशॉट. तो मला सगळ्यांत नाजूक वाटला, कारण त्यात बाईंचं काहीच नव्हतं. इतर पालकांचे मेसेज होते. एका वडिलांनी मुलाच्या बिलिरुबिनचा आकडा, खोली क्रमांक आणि दवाखान्याचं नाव लिहिलं होतं. एका आईने मुलीला गावी नेल्याचं लिहून गावाचं नावही दिलं होतं. या माणसांनी हे शंभर-दोनशे पालकांना सांगितलं होतं, जिल्ह्याला नव्हे. वार्ताहराचं म्हणणं, नावं झाकली आहेत ना. पण त्या तालुक्यातल्या त्या गावातून त्या क्लासला किती मुली गेल्या असतील? गावाचं नाव म्हणजे मुलीचं नाव. पॉक्सो कायद्याच्या कलम 23 मध्ये मुलाची ओळख म्हणजे काय हे सांगताना नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंबाचा तपशील, शाळा, राहण्याचा परिसर आणि ओळख उघड करू शकेल असा इतर कोणताही तपशील, अशी यादी दिली आहे. आमचं प्रकरण त्या कायद्यातलं नव्हतं, पण अल्पवयीन मुलांच्या मेसेजमध्ये काय झाकायचं यासाठी मी ती यादी समोर ठेवते. ती या मेसेजना लावली तर बुडबुड्यांत ‘ताप’ आणि ‘उलट्या’ सोडून काही उरत नव्हतं. अशी काळी पाटी छापण्यात अर्थ नसतो. दुसरं चित्र आम्ही पूर्ण सोडलं. वार्ताहराने त्या पालकांना फोन केले, दोघांनी नाव न देता बोलायला होकार दिला आणि त्यांचं म्हणणं बातमीत साध्या मजकुरात गेलं.

शेवटी छापायला फक्त व्यवस्थापकाचा मेसेज उरला. तो त्याने पदावरून, सगळ्या पालकांना उद्देशून लिहिला होता, म्हणून त्याचं नाव आणि मेसेजची वेळ ठेवली, नंबर झाकला. प्रोफाइलचा गोल फोटो काढला, कारण त्यात त्याच्याबरोबर एक लहान मूल होतं. उद्धृत चौकट, मागचा वॉलपेपर, खालच्या प्रतिक्रिया, सगळं कापून एकच पांढरा बुडबुडा राहिला. कापलेलं चित्र मी तसंच पुढे दिलं नाही, पडद्यावर उघडून त्याचा नवा स्क्रीनशॉट घेतला. 2023 मध्ये गूगलच्या पिक्सेल फोनमधल्या मार्कअपमध्ये आणि विंडोजच्या स्निपिंग टूलमध्ये दोष सापडला होता: कापलेलं चित्र जुन्याच फाइलवर लिहिलं जाई, पण फाइलचा उरलेला जुना भाग पुसला जात नसे, आणि कापलेलं बरंचसं परत मिळवता येई. दुरुस्ती झाली आहे, तरी नव्या स्क्रीनशॉटला लागतात दोन सेकंद. फाइलचं नावही बदललं. अँड्रॉइड फोन नावातच तारीख, वेळ आणि बऱ्याचदा अ‍ॅपचं नाव घालतात आणि फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली की ते नाव जसंच्या तसं जातं.

पान लावणाऱ्या काकांनी विचारलं, “नंबरवर मीच काळी पेटी टाकू का, सोपं पडेल.” छापील अंकात ते चाललं असतं. पण आमचा ई-पेपर पीडीएफ असतो. पानावर ठेवलेली पेटी आणि तिच्याखालचं चित्र पीडीएफमध्ये वेगवेगळे राहू शकतात आणि पेटी बाजूला करता येते. अमेरिकेत जानेवारी 2019 मध्ये ट्रम्प यांचे माजी प्रचारप्रमुख पॉल मॅनाफोर्ट यांच्या वकिलांनी न्यायालयात दिलेल्या पीडीएफमध्ये असंच झालं: काळ्या पट्ट्यांखालचा मजकूर पत्रकारांनी कॉपी करून दुसरीकडे पेस्ट केला आणि तो वाचता आला. झाकणं आधी, चित्राच्या फाइलमध्येच. पानावर येतं ते तयार चित्र.

एक गोष्ट राहिली होती. वार्ताहराने मूळ स्क्रीनशॉट डेस्कच्या ग्रुपवर टाकले होते, तिथे वीसेक माणसं. ज्यांच्या फोनमध्ये आपोआप डाउनलोड चालू होतं त्यांच्या गॅलरीत ते पोचलेले, काहींचा बॅकअपही गूगल फोटोजवर चालू. ग्रुपवरून मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला आणि एकेकाला फोन करून गॅलरी आणि बॅकअप दोन्हीकडून काढायला सांगितलं. हे काम झाकण्यापेक्षा जास्त वेळ खाऊन गेलं.

बाईंना मात्र उलट निरोप दिला: तुमच्या फोनमधलं काहीही पुसू नका, ग्रुप सोडू नका. झाकलेली प्रत वाचकांसाठी असते, पुराव्यासाठी ती कुचकामी. प्रकरण ग्राहक आयोगात किंवा पोलिसांत गेलं तर मूळ चॅट लागतो आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष अधिनियम 2023 च्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकाने बऱ्याच पालकांना फोन करून ‘बाहेर कोणी दिलं’ म्हणून विचारलं. बाईंनाही विचारलं, बाकीच्यांना विचारलं तसंच. त्याच आठवड्यात वसतिगृहात टँकरचं पाणी सुरू झालं आणि त्यांच्या मुलीने परीक्षा तिथेच राहून दिली.