मे महिन्याचे पैसे कशाचे?

एप्रिल संपत आला की आमच्या सांगलीत पालकांच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. पोरं घरी, शाळेची गाडी उभी, मग मे महिन्याचे पैसे कशाचे? प्रश्न बिनतोड वाटतो, कारण आपल्या डोक्यात गाडी म्हणजे डिझेल.

आमच्या गाडीवाल्या काकांनी एकदा वही पुढं सरकवली. वीस मुलांची मिनीबस, रिकाम्या फेऱ्या धरून दिवसाला चाळीस किलोमीटर. लिटरला दहाचं अॅव्हरेज आणि नव्वदचा भाव धरला तर रोजचे ३६० रुपये, चोवीस दिवसांचे साडेआठ हजारांच्या वर. दहा महिन्यांचं डिझेल झालं ८६ हजार. ड्रायव्हरला महिना १३ हजार आणि मावशींना ६ हजार, दोघांचे बारा महिन्यांचे २ लाख २८ हजार. बँकेचा हप्ता १५ हजार, म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजार. विमा, पासिंग, टायर आणि दुरुस्तीचे आणखी ८६ हजार. एकूण ५ लाख ८० हजार, आणि काकांचा स्वतःचा नफा अजून कुठंच धरलेला नाही!

मे महिन्यात यातलं थांबतं काय? फक्त डिझेल, म्हणजे वर्षाच्या खर्चाचा सहावा हिस्सासुद्धा नाही. वीस मुलांत वाटलं तर वर्षाला प्रत्येकी २९ हजार. दहा हप्त्यांत द्या, महिना २,९०० पडतात. बारा महिन्यांत द्या, साधारण २,४००. पैसे तेवढेच. तरी मेची पावती टोचतेच.

मला विचाराल तर भांडायचंच असेल तर अंतरावर भांडावं. आपण घर ते शाळा किलोमीटर मोजतो, पण गाडीला महाग पडतो तो आडबाजूचा पत्ता. माधवनगर रोडवरचं मूल लांबचं असलं तरी वाटेत उभं असतं, त्याचं जादा डिझेल जवळपास शून्य. शाळेजवळच्याच एखाद्या कॉलनीत दीड किलोमीटर आत शिरून तसंच परत यायचं, दोन्ही वेळा, तर रोजचे सहा किलोमीटर वाढतात. महिन्याला तेराशेच्या आसपास गेले. तरी जवळचे म्हणून त्यांची फी कमी. कोपऱ्यापर्यंत पोराला चालवत आणा म्हटलं की मात्र लोकांना राग येतो.

"मग मे महिन्यात लग्नाची भाडी मारा की," असंही एकानं सुचवलं. पिवळी गाडी, शाळेचा परवाना, वऱ्हाड कसं नेणार? पासिंगची कामंही याच दिवसांत उरकायची असतात. बॅटरीची वायर काढून गाडी उभी करायची, आठवड्याला एकदा चालू करून अंगणातच पुढंमागं हलवायची, नाहीतर जूनमध्ये धक्का मारायला पालकांनाच बोलवावं लागेल.

आणि ड्रायव्हर? त्याचा मेचा पगार कापला तर तो लग्नसराईत दुसऱ्याच्या गाडीवर जातो, आणि जूनमध्ये परत येईलच असं नाही. नवा ड्रायव्हर मिळेल, पण कुठलं पोर कुठल्या गेटाशी उतरतं आणि कुणाला आजीच्याच हातात द्यायचं, हे त्याला शिकवता शिकवता जुलै उजाडतो. म्हणून यंदा ग्रुपवर तोड निघाली: मेचे अर्धे आत्ता, उरलेले जूनच्या फीबरोबर.