एका शुक्राच्या तीन कुंडल्या

रामनवमीच्या आदल्या दिवशी पंचवटीत गाडी लावायला जागा मिळत नाही. ५ एप्रिल २०२५ च्या त्या शनिवारीही मायलेकी घामाघूम होऊन आल्या. मुलगी बत्तीस वर्षांची, अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात. बसल्या बसल्या तिनं मोबाइल पुढे केला. एका अ‍ॅपनं काढून दिलेली व्हीनस रिटर्नची कुंडली होती, खाली "प्रेमाचं वर्ष" असा शेरा.

"काका, फेब्रुवारीत सहकाऱ्याकडून लग्नाचा विषय निघाला. अ‍ॅपमध्ये वाचून मी खूश. मार्चमध्ये बोलणंच थांबलं. मग ही कुंडली चुकली का?"

कुंडली चुकलेली नव्हती, अपुरी होती. आणि आपल्या गणिताशी जुळणारीही नव्हती.

जन्मवेळी शुक्र ज्या अंश-कलेवर असतो, तिथेच तो गोचरीनं परत येतो त्या क्षणाची कुंडली म्हणजे व्हीनस रिटर्न. कल्पना पाश्चात्त्यांची, पण रवीच्या परतीवरून ताजिक वर्षफल मांडणाऱ्याला ती परकी वाटत नाही. फरक एवढाच की रवी दरवर्षी ठरल्या तारखेच्या आसपास येतो, शुक्राचं तसं नाही. त्याचं "वर्ष" कधी दहा महिन्यांचं भरतं, कधी वर्षाच्या पुढे जातं. शिवाय साधारण एकोणीस महिन्यांनी तो सहा आठवडे वक्री होतो, म्हणजे उलटा सरकताना दिसतो, आणि जन्मशुक्र त्या वक्रीच्या पट्ट्यात सापडला तर एकाच हंगामात तीन परती होतात: मार्गी, वक्री, पुन्हा मार्गी. अ‍ॅपनं पहिली दाखवली आणि हात झटकले.

मुलीचा जन्म १९९३ च्या फेब्रुवारीतला, नाशिकचाच. कर्क लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवती रास कर्क; नवमात मीनेचा शुक्र ६ अंश १४ कला, सप्तमात, म्हणजे विवाहाच्या घरात, मकरेचा शनी. २०२५ मध्ये शुक्र २ मार्चच्या पहाटे वक्री झाला तो निरयन मीनेच्या साडेसोळा अंशांच्या पुढे, आणि १३ एप्रिलला मार्गी होणार होता तो मीनेच्या पहिल्याच अंशात. तिचा सहावा अंश बरोबर मधे.

आता अ‍ॅपच्या गणिताची गोष्ट. ते सायन होतं, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेलं; आपलं निरयन गणित ताऱ्यांपासून मोजतं, आणि दोन्हींतलं अंतर म्हणजे अयनांश. जन्मापासून बत्तीस वर्षांत अयनांश सुमारे २७ कलांनी वाढलेत, त्यामुळे सायन परत आणि निरयन परत एका क्षणी होत नाहीत. फेब्रुवारीत शुक्र दिवसाला पाऊण अंशाहून थोडा जास्त चालत होता, म्हणजे २७ कलांना तेरा तास. लग्न चार मिनिटांत एक अंश सरकतं, तर तेरा तासांत सगळंच पालटतं. अ‍ॅपची वेळ ४ फेब्रुवारीची दुपार आणि मिथुन लग्न. लाहिरी अयनांशानं मी मांडली तर ५ तारखेची पहाट आणि वृश्चिक लग्न. कोणतीही पद्धत घ्या, पण जन्मकुंडली निरयन आणि परत सायन अशी खिचडी करू नका. दोन्हींतली घरं मग एकमेकांशी बोलतच नाहीत.

तीन परती कागदावर शेजारी शेजारी मांडल्या.

पहिली, वृश्चिक लग्नाची. शुक्र स्वतः सप्तमेश, उच्चीचा, पंचमात, सोबत राहू. सप्तमात गुरू. प्रेमाची आणि विषय निघण्याची कुंडली, यात वादच नाही. राहूमुळे आकर्षण जरा जास्तच वेगानं धावतं. दुसरी २६ मार्चच्या रात्रीची, तूळ लग्न. शुक्र लग्नेश, पण वक्री, षष्ठात, सूर्यापासून सहा अंशांच्या आत. इथे ज्योतिषी फिसकटणं, मागे घेतलेला शब्द, कामाच्या ठिकाणची कुजबुज वाचतात. मुलगी ऐकताना मान हलवत होती. पण मार्चची हकिगत मला आधीच कळलेली होती, तेव्हा माझ्या मान हलवून घेण्याला फारशी किंमत नाही.

तिसरी परत अजून व्हायची होती. १ मेची दुपार, पावणेपाचच्या सुमारास. कन्या लग्न, शुक्र मार्गी, उच्चीचा आणि थेट सप्तमात. पण २९ मार्चला मीनेत आलेला शनी तोवर शुक्रापासून अडीच अंशांवर, जोडीला राहू आणि नीचेचा बुध.

आईंनी शनी ऐकला आणि चेहरा उतरला. "म्हणजे लांबणारच ना?"

इथेच घाई नडते. सप्तमात शुक्र-शनी दिसले की विलंब, नकार, थंडपणा अशी ठरलेली यादी म्हणून मोकळं व्हायचं, ही सवय अनेकांना आहे. परतीची कुंडली एकटी वाचायची नसते, ती जन्मकुंडलीवर ठेवून वाचायची. या मुलीचा शनी जन्माचा सप्तमेश आहे आणि स्वराशीत सप्तमातच आहे. तोच सप्तमेश परतीच्या सप्तमात शुक्राला येऊन मिळतोय. मी ते असं वाचलं: विषय परत येईल, पण गुलाबी भाषेत नाही. घर कुठे, आईवडिलांचं काय, नोकरी कोणी सोडायची, असे हिशेब मांडून येईल. लग्नेश बुध नीचेचा म्हणजे तिच्याकडून बोलणं अर्धवट राहण्याचा धोका. सप्तमेश गुरू नवमात, म्हणून वडीलधाऱ्यांनी मधे पडलं तर सोपं.

तिन्हींतली खरी कोणती, यावर मतभेद आहेत. मी तिन्ही एका वाक्याचे तुकडे समजतो आणि पुढच्या काळाचा भार शेवटच्या मार्गी परतीवर टाकतो. ती पुढची परत होईपर्यंत चालते. इथे पुढची ६-७ मार्च २०२६ च्या रात्री, म्हणजे जेमतेम दहा महिने.

पडताळा म्हणून २०१७ विचारलं. शुक्राचं वक्रीचक्र आठ वर्षांनी जवळपास त्याच अंशांवर येतं, दोनेक अंश अलीकडे. तेव्हाही तिला तीन परती झाल्या होत्या. त्या उन्हाळ्यात एक स्थळ पत्रिका जुळून मोडलं होतं, असं आई म्हणाल्या. एका घटनेवर सिद्धांत बांधता येत नाही. मी वहीत नोंद केली, इतकंच.

जन्मवेळ मात्र खोदून विचारली. दहा मिनिटांची चूक जन्मशुक्रात अर्ध्या कलेचीही नसते, पण परतीच्या वेळी शुक्र संथ असला की ती फुगते. या तिसऱ्या परतीत लग्न चारेक अंशांनी हललं असतं आणि कन्याच राहिलं असतं, म्हणून बोललो. तिचा जन्मशुक्र वक्री होण्याच्या बिंदूजवळ, साडेसोळा अंशांवर असता तर शुक्राची दिवसाची चाल चार-पाच कलांवर आली असती. तीच दहा मिनिटं तिथे दोन तासांची, म्हणजे आख्ख्या राशीची चूक करतात. अशा पत्रिकेला मी परतीची घरं सांगत नाही, फक्त शुक्राचे योग सांगतो. हिच्या बाबतीत रुग्णालयाच्या कार्डावर वेळ मिनिटासकट होती.

"मग त्यांच्याकडे फोन मी १ मेनंतर करू?" आईंनी विचारलं.

"तुम्ही नका, मामांना करायला सांगा," मी म्हटलं. गुरू नवमात होता.

मुलगी कॅलेंडर उघडून बसली होती. "महाराष्ट्र दिन आहे, सुट्टीच आहे. पण मामा दुपारी पाचपर्यंत झोपतात."