दीड किलोचा फरक

"डायलिसिस तर तिकडेही होतं, मग बढतीची बदली का नाकारलीत?"

हो, होतं. मीही असंच म्हणायचे. चार वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याला मी हेच सुनावलं होतं, "वडिलांना घेऊन जा की, मशीन सगळीकडे सारखंच असतं." त्याची आता क्षमा मागावीशी वाटते.

आदेश आला तेव्हा उत्तर द्यायला सात दिवस होते. आईचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. मला आधी वाटलं, प्रश्न फक्त जागेचा आहे. फोन केले, एका केंद्रात रात्रीच्या शिफ्टला जागा मिळाली. त्यांनी हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट मागितले, तेही दिले. एक सेशन तिथेच करून बघू, असं ठरवून आईला घेऊन गेले.

फाइलवर ड्राय वेट ४८ किलो लिहिलेलं होतं. म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन. सेशनला किती पाणी काढायचं, ते त्यावरूनच ठरतं. त्या दिवशी काट्यावर आई ५१.५ भरली, म्हणून त्यांनी साडेतीन लिटर काढायला लावलं. हिशोब बरोबरच होता, आकडा जुना होता. मधल्या तीन महिन्यांत आईची भूक सुधारून अंगावर मांस आलं होतं. आमच्या नेहमीच्या केंद्रातले टेक्निशियनदादा ४९.५ धरून मशीन लावायचे, पण फाइलवर ते कुणी चढवलंच नव्हतं. दोनच लिटर काढायला हवं होतं.

तिसऱ्या तासाला आईने जांभई दिली. मग दुसरी. मला वाटलं, झोप येतेय. मग पोटरीत गोळा आला, कपाळ घामाने गार पडलं आणि तिने माझा हात सोडला. वरचं बीपी ७० वर आलं होतं. सिस्टरने पाणी काढणं थांबवलं, डोक्याकडची बाजू खाली केली, पाय वर घेतले, सलाईन सोडलं. आई दहा मिनिटांत बोलायला लागली. मी मात्र त्या जांभयांपाशीच अडकले. बीपी उतरत असल्याची ती खूण असू शकते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

त्या केंद्राला मी दोष देत नाही. मी त्यांना शेवटच्या पाच-सहा सेशनच्या नोंदी दाखवायला हव्या होत्या: आधीचं-नंतरचं वजन, किती पाणी काढलं, बीपी किती राहिलं. मी फक्त डिस्चार्ज कार्ड आणि रिपोर्ट नेले.

सहाव्या दिवशी मी सहा महिन्यांची मुदत मागितली. ती मिळाली नाही, म्हणून नकार कळवला. बढती गेली आणि त्याचं वाईट वाटतं, अगदी रोज. "आईसाठी केलं" म्हटलं की लोक गप्प होतात, पण मी घाबरले होते, हेही तितकंच खरं. नोंदी नीट नेल्या असत्या, तर दोन-तीन आठवड्यांत त्यांनाही आई कळली असती. कदाचित. ते तीन आठवडे नव्या पदावर रुजू होऊन, रात्रपाळीला तिच्या उशाशी बसून मला झेपले असते का, ते मात्र मला आजही सांगता येत नाही.