रविवारी रात्री आठपर्यंत

दुपारी फोन वाजला आणि मामांचा व्हिडिओ येऊन पडला. त्यात लखलखीत खिडकी होती, वाऱ्यावर हलणारा पडदा होता आणि मध्यभागी मामांच्या आकाराची एक काळी सावली आई-बाबांना लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा देत होती. आई-बाबांसाठी मी सगळ्या नातेवाइकांकडून अर्ध्या मिनिटाचे शुभेच्छा-व्हिडिओ मागवून एकत्र जोडतो आहे; त्यासाठी पाठवलेल्या सूचना मामांनी वाचल्या होत्या, हे त्यातल्या त्यात विशेष. फोन आडवा धरला होता आणि बोलणेही अर्ध्या मिनिटात संपवले होते. फक्त ‘उजेडात बसा’ या वाक्याचा त्यांनी आपल्या परीने अर्थ लावला होता.

कॅमेरा चौकटीतला एकूण उजेड मोजतो, मागची खिडकी उजळ दिसली की सगळेच चित्र मंद करतो आणि त्यात माणसाचा चेहरा बुडतो. नंतर संगणकावर उजेड वाढवला, तर चेहऱ्याबरोबर त्यावरचे ठिपक्यांसारखे रवेही वाढतात. म्हणून मी मामांना एवढेच कळवले, की खुर्ची फिरवा, खिडकी तुम्हाला दिसली पाहिजे, आम्हाला नव्हे. आणि चित्रीकरण सुरू करण्याआधी फोनच्या पडद्यावर दिसणाऱ्या स्वतःच्या चेहऱ्यावर एकदा बोट टेकवा. दुसऱ्या व्हिडिओत मामांचे डोळे दिसले. व्हिडिओ मध्येच थांबवून पाहावा आणि डोळे दिसतात का, तेवढे तपासावे, ही माझी साधी कसोटी आहे.

आवाजाच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे. चित्र थोडे अंधूक असले तरी आई-बाबा पाहतील. पण पंख्याच्या घरघरीत मावशीचे शब्द हरवले तर दोघे एकमेकांना ‘काय म्हणाली?’ विचारत बसतील आणि तोवर पुढचे दोन नातेवाईक बोलून जातील. म्हणून पंखा बंद करावा, फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवून हातभर अंतरावर ठेवावा, बटण दाबल्यावर क्षणभर गप्प राहून मग बोलावे आणि बोलून झाल्यावरही लगेच फोनकडे झेपावू नये, असे मी प्रत्येकाला लिहिले. हा आधीचा-नंतरचा गप्प क्षण जोडणाऱ्याच्या फार कामाचा असतो. तो नसला, की पहिला शब्द अर्धवट तुटतो आणि ‘आई-बाबा’ऐवजी नुसते ‘बाबा’ ऐकू येतात, ज्याचा भलताच अर्थ निघू शकतो.

पाठवण्याची तऱ्हा हा आणखी एक खड्डा. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा व्हिडिओ पाठवला तर तो दाबून लहान केला जातो; तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडला तर जसाच्या तसा पोहोचतो. अर्ध्या मिनिटाचा चांगला व्हिडिओ सहसा दहा एमबींहून बराच मोठा असतो. तो तीन-चार एमबींचा होऊन आला, तर वाटेत पिळला गेला असे समजावे आणि पुन्हा मागवावा.

एवढे सगळे जमले, तरी खरी अडचण उरतेच. अर्ध्या मिनिटात माणूस साधारण साठ-सत्तर शब्द बोलतो आणि प्रत्येकजण ते ‘हार्दिक शुभेच्छा’ आणि ‘उत्तम आरोग्य’ यांवर खर्च करतो. लहानपणी दूर राहणाऱ्या काकांना पत्राऐवजी कॅसेट पाठवायची म्हणून बाबा आम्हा भावंडांना टेपरेकॉर्डरपुढे बसवत, दोन बटणे एकदम दाबत आणि खुणेने ‘बोला’ म्हणत. आम्ही मिटल्या तोंडाने फिरणाऱ्या चकत्यांकडे बघत राहायचो. मग आईने युक्ती काढली. ती बाजूला बसून विचारायची, ‘काल मांजरीने काय केले ते सांग पाहू,’ आणि आम्ही एकमेकांना ढकलत बोलायला लागायचो. तीच युक्ती मी आता उसनी घेतली आहे. आत्याला विचारले, की वहिनी घरात आल्यावर पहिले भांडण कशावरून झाले. आणि मामांना विचारले, की बाबांना पहिल्यांदा पाहिल्यावर तुमचे खरे मत काय होते. मामांचे मत फारसे अनुकूल नव्हते, आणि त्यांचा व्हिडिओ सर्वांत चांगला झाला आहे.

मुदतीबाबत मी एवढेच शिकलो आहे, की ‘लवकर पाठवा’ लिहिले तर कुणीही पाठवत नाही आणि ‘रविवारी रात्री आठपर्यंत’ लिहिले तर निम्मे तरी पाठवतात. उरलेल्यांना समूहात आठवण करून उपयोग नाही. तिथे प्रत्येकाला वाटते, की हे दुसऱ्या कुणाला उद्देशून आहे. शिवाय घरच्या समूहात आई-बाबाही असतात, हे एखाद्याच्या लक्षात राहत नाही. एकेकट्यालाच लिहावे लागते. आणि सांगितलेल्या रविवारनंतर खऱ्या दिवसापर्यंत पुरता आठवडा हाती ठेवावा लागतो, हे अर्थात कुणाला सांगायचे नसते.

ज्यांच्यासाठी कॅसेट भरायची, त्या काकांचा व्हिडिओ अजून आलेला नाही. त्यांच्यासाठी नातवंडांच्या आधीची जागा मोकळी ठेवली आहे, म्हणजे ऐनवेळी आला तरी बाकीची जोडणी विस्कटायची नाही. ‘आज पाठवतो,’ असे ते कालही म्हणाले होते.