वूल घातलं तरी वरची खोली तापतेच: ब्लोअर डोअर चाचणीचा माझा अनुभव

सांगलीत विश्रामबागला आमच्या घराच्या गच्चीवर वीस बाय पंधराची खोली आहे. वर पत्रा, खाली जिप्समचं फॉल्स सीलिंग आणि सीलिंगच्या पाठीवर दोन इंची ग्लासवूल. दीड टनाचा एसी. एवढं असूनही एप्रिलच्या दुपारी एसी २६ वर लावला तर खोली तिशीच्या खाली उतरायची नाही. एसीवाल्याने गॅस तपासला, तो बरोबर निघाला. त्याचं म्हणणं, दोन टनाचा बसवा. सीलिंगच्या मिस्त्रीचं म्हणणं, अजून दोन इंच वूल टाकू. दोघांचाही सल्ला आपापल्या मालाच्या बाजूने, त्यात नवल नाही.

माझा भाचा पुण्यात इमारतींच्या ऊर्जा-तपासणीचं काम करतो. त्याला फोनवर सगळं सांगितल्यावर त्याने उलट विचारलं, "मामा, एक्झॉस्ट लावल्यावर खोली जास्त तापते का?" तापायची. मुलगा बाथरूमचा पंखा बंद करायला विसरला की खोलीत भट्टीसारखी झळ जाणवायची, पण या दोन गोष्टींचा संबंध कोणी जोडला नव्हता. तो म्हणाला, "वूल आणू नकोस. मी मशीन घेऊन येतो."

ग्लासवूल उष्णता अडवतं ते त्यातल्या काचेच्या तंतूंमुळे नव्हे, तर तंतूंमध्ये अडकून स्थिर राहिलेल्या हवेमुळे. हवा स्थिर असेल तरच. वूलमधून किंवा त्याच्या कडेने हवा वाहू लागली की जाडी दोन इंच असो की चार, ती हवा आपली उष्णता सोबत घेऊनच खोलीत उतरते. पत्रा आणि सीलिंग यांच्यातल्या पोकळीत आम्ही थर्मामीटर ठेवून पाहिला. बाहेर सावलीत ३८ अंश असताना पोकळीत ५० होते.

हे मशीन म्हणजे ब्लोअर डोअर: दाराच्या चौकटीत घट्ट बसणारी अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, तिच्यावर ताणलेलं नायलॉनचं कापड आणि कापडाच्या भोकात बसवलेला मोठा पंखा. पंख्यातून किती हवा जाते ते मोजता येतं, म्हणून तो साध्या पंख्यापेक्षा वेगळा. सोबत दाब मोजणारा मॅनोमीटर. त्याची एक नळी बाहेर टाकून खोली आणि बाहेर यांच्यातल्या दाबाचा फरक बघायचा, दुसरी पंख्याला जोडून हवेचा प्रवाह. पंख्याने खोलीतली हवा बाहेर ओढायची आणि फरक ५० पास्कलवर आणून धरायचा. ५० पास्कल म्हणजे पाण्याच्या नळीत जेमतेम पाच मिलिमीटरचा फरक. माणसाला त्याने काही होत नाही, पण फटी मात्र बोलायला लागतात. जेवढी हवा पंखा बाहेर टाकतो, तेवढीच फटींतून आत येत असते. त्यामुळे पंख्याचा आकडा तोच गळतीचा आकडा.

सुरू करण्याआधी त्याने सर्वांत आधी विचारलं ते गॅस गीझरबद्दल. आमच्याकडे सोलर आहे, पण ज्यांच्या बाथरूममध्ये गॅस गीझर आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं. खोलीतली हवा ओढली की ज्वालेचा धूर आत खेचला जातो, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. चाचणीपुरता गीझर बंद ठेवायचा, आणि नंतर फटी बुजवणार असाल तर तो बाथरूमबाहेर काढल्याशिवाय बुजवायच्याच नाहीत.

बाकी तयारी साधी. एसी बंद, खिडक्या लावलेल्या, बाथरूमचं आतलं दार उघडं, फरशीच्या जाळीत पाणी ओतून ट्रॅप भरलेला, नाहीतर ड्रेनेजमधली हवा येऊन आकडा फुगतो. पंखा गच्चीच्या दारात बसवला. जिन्याचं दार लावून घेतलं, पण खालच्या मजल्याच्या खिडक्या सताड उघडल्या, म्हणजे जिन्यातही बाहेरचाच दाब राहतो. चाचणी सकाळी लवकर केली. दुपारनंतर वारा सुटला की पंखा बंद असतानाच मॅनोमीटर नाचतो, आणि मग ५० धरणं कठीण.

पहिला आकडा आला मिनिटाला १,३५० घनफूट. खोलीचं आकारमान २,७०० घनफूट. म्हणजे ५० पास्कलवर खोलीतली सगळी हवा तासाला तीस वेळा बदलत होती. युरोपात अगदी कमी ऊर्जेत चालणाऱ्या घरांसाठी जो पॅसिव्ह हाउसचा निकष आहे, त्यात हा आकडा ०.६ च्या वर चालत नाही. तिथल्या थंडीची आणि आपल्या खोलीची बरोबरी करायची नाही, पण तीस म्हणजे कुठे, याचा अंदाज येतो. भाच्याचा ढोबळ हिशेब असा की मिनिटाच्या घनफुटांना दहाने भागलं की फटींचं एकत्र क्षेत्रफळ चौरस इंचांत मिळतं. १३५ चौरस इंच, म्हणजे भिंतीत जवळजवळ फूटभर लांब-रुंद भोक पाडून एसी चालवल्यासारखं.

हे भोक शोधायला अगरबत्ती पुरली. पंखा चालू ठेवून खिडकीच्या सरकत्या पट्ट्यांपाशी धरली तर धूर आतल्या बाजूला फेकला गेला, ते अपेक्षितच होतं. सीलिंगमधल्या गोल दिव्यांपाशी धूर सरळ खाली दाबला गेला. कोव्ह लाइटच्या खाचेत हात घातला तर गरम वारा लागला, सकाळचे नऊ वाजले असताना. पण मला खरा धक्का बसला तो पलंगाशेजारच्या स्विचबोर्डाचा. प्लगच्या तीन भोकांतून हवा अशी येत होती की अगरबत्तीचं टोक लालबुंद झालं. वायरिंगचा पाइप भिंतीतून वर जाऊन थेट पोकळीत उघडा सोडलेला होता.

मग त्याने एक तपासणी केली, ती मला सगळ्यांत उपयोगी वाटली. मॅनोमीटरची नळी सीलिंगच्या झाकणातून वर सरकवून खोली आणि पोकळी यांच्यातला फरक मोजला. खोली बाहेरच्या मानाने ५० पास्कलवर, तेव्हा खोली आणि पोकळी यांच्यातला फरक ४८ निघाला. म्हणजे पोकळी आणि बाहेर यांच्यात उरले फक्त दोन. पत्र्याच्या उंचवट्यांखालची तोंडं उघडी असल्यामुळे पोकळी जवळजवळ बाहेरच होती. एकच हवा आधी पत्र्याच्या फटींतून आणि मग सीलिंगच्या फटींतून जाते, यावरून हिशेब मांडला तर वरच्या फटी खालच्या फटींच्या आठपट मोठ्या ठरतात. त्यामुळे पत्र्याच्या फटी बुजवत बसण्यात अर्थ नव्हता. हवा अडवायची तर सीलिंगच्या पातळीवरच.

किती फायदा होईल हे बुजवण्याआधीच कळावं म्हणून सीलिंगमधले दिवे, कोव्हची खाच आणि स्विचबोर्ड आम्ही मास्किंग टेप आणि प्लॅस्टिकने तात्पुरते झाकले आणि परत पंखा लावला. आकडा १,३५० वरून ५०० वर आला. ८५० घनफूट हवा निव्वळ वरच्या पोकळीतून येत होती.

रोजच्या वापरात ५० पास्कल नसतात. रोजच्या गळतीसाठी ५० पास्कलच्या आकड्याला विसाने भागायचं, हा ढोबळ नियम थंड देशांतला आहे आणि वाऱ्याप्रमाणे बदलतो, पण अंदाजाला चालतो. तसं केलं तर पोकळीतून मिनिटाला सुमारे ४२ घनफूट हवा, ५० अंशांची, २६ अंशांच्या खोलीत येत होती. तासाला साधारण २,००० बीटीयू उष्णता, म्हणजे एसीच्या एका टनाचा सहावा हिस्सा. दोन इंची वूलमधून भर दुपारी जेवढी उष्णता झिरपून येते असं गणित सांगतं, जवळजवळ तेवढीच वूलला वळसा घालून येत होती. चार इंच वूल टाकलं असतं तर झिरपणारा भाग निम्म्यावर आला असता, वळशाचा भाग तसाच राहिला असता. एक्झॉस्ट लावल्यावर हा वळशाचा आकडा दुपटीच्या पुढे जात होता.

थंड देशांत गरम हवा वर चढून छतातून निसटते. १९७० च्या दशकात प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांना न्यू जर्सीतल्या ट्विन रिव्हर्सच्या घरांमध्ये अशाच लपलेल्या वाटा सापडल्या होत्या. आपल्याकडे उन्हाळ्यात उलटं चालतं. एसीची गार हवा जड, ती दाराखालच्या फटीतून बाहेर सांडते आणि तिच्या जागी वरची तापलेली हवा खाली ओढली जाते. दाराखालची फट आणि छतातली फट ही जोडी एकत्रच काम करते.

बुजवायला मिस्त्री वर चढला तेव्हा वूलनेच बाकीचा पुरावा दिला. पिवळ्या वूलवर दिव्यांच्या भोवती आणि भिंतीच्या कडेने काळपट पट्टे होते. हवा जिथून वाहते तिथे वूल धूळ गाळत राहतं. मशीन नसलं तरी हे काळे पट्टे कोणालाही बघता येतात. पश्चिमेच्या कडेला तर पत्र्याखालून येणाऱ्या वाऱ्याने वूल फूटभर सरकून जिप्सम उघडं पडलं होतं.

कोव्हची खाच मागच्या बाजूने जिप्समच्या पट्ट्या लावून बंद केली, सांधे जॉइंटिंग कंपाउंडने भरले. भिंतीच्या कडेला अ‍ॅक्रिलिक सीलंट. मिस्त्रीने आधी सिलिकॉन आणलं होतं, पण धुळकट पीओपीवर ते धरत नाही, महिन्याभरात सुटतं. वायरिंगच्या पाइपांची वरची तोंडं मेन स्विच बंद करून पुटीने भरली. गोल दिवे काढून भोकं बुजवली आणि खालून चिकटणारे दिवे लावले. जुन्या दिव्यांवर नुसतं वूल पसरलं असतं तर हवा थांबली नसतीच, वर दिव्यांना वीज पुरवणारे ड्रायव्हर तापले असते. पत्र्याच्या उंचवट्यांत फक्त पश्चिमेला फोमच्या पट्ट्या बसवल्या, वूल पुन्हा उडू नये एवढ्यासाठी. बाकीच्या बाजू उघड्याच ठेवल्या, पोकळीतली गरम हवा तिथून बाहेर जाते.

दुसऱ्या चाचणीला आकडा ५४० आला. टेपने झाकून मिळालेले ५०० काही साधले नाहीत, पण तीसवरून तासाला बारावर आलो. पंख्याच्या तोंडावर आता लहान भोकाची रिंग लावावी लागली, कारण कमी प्रवाह मोठ्या तोंडातून नीट मोजला जात नाही. त्या दुपारीही पोकळीत पन्नाशीच होती, आणि एसी २६ ला पोचून कॉम्प्रेसर बंद पडण्याचा आवाज त्या खोलीत उन्हाळ्यात पहिल्यांदा ऐकला.

उरलेली गळती बहुतेक सरकत्या खिडक्यांची. त्यांचे झिजलेले ब्रश बदलले, खिडक्या बदलायला भाच्यानेच नको म्हटलं. खिडकीतून येते ती ३८ अंशांची हवा, छतातून यायची ती ५० ची. शिवाय दार लावून दोघं-तिघं अभ्यासाला बसली की ताजी हवा कुठून तरी लागतेच. एक्झॉस्ट लावताना आता एक खिडकी दोन बोटं उघडी ठेवायची, एवढं त्याने मुलाला बजावून ठेवलं आहे.